करायचं ठरलं होतं, पण वेळेवर आठवलं नाही: प्रॉस्पेक्टिव्ह मेमरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक घरच्या माणसांनी विचारलेले आहेत. कुणाची आई सत्तरीच्या पुढची असते, तर कुणाचा नवरा डोक्याला मार लागून घरी आलेला असतो. मी मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनात काम करते. वेगवेगळ्या शब्दांत तेच पंधरा-एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागत असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी म्हणजे काय? आपण ज्याला स्मरणशक्ती म्हणतो ती हीच ना?

काल कोण आलं होतं, शाळेत कोणती कविता होती, हे आठवणं म्हणजे मागची आठवण. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करायचा आहे, हे उद्या सकाळी आपलं आपल्याला आठवणं म्हणजे पुढची आठवण. तिलाच प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी म्हणतात.

मागच्या आठवणीत बहुतेक वेळा कुणीतरी प्रश्न विचारतं. ‘काल कोण आलं होतं?’ असं कानावर पडलं की मेंदू शोधाला लागतो. पुढच्या आठवणीत विचारणारं कुणीच नसतं. फोन करायची वेळ येते तेव्हा आपण दात घासत असतो किंवा कुणाशी तरी बोलत असतो, आणि ‘आता काय करायचं होतं?’ हा प्रश्नही आपला आपल्यालाच पडावा लागतो. म्हणून एका प्रकारच्या आठवणीत तरबेज असलेला माणूस दुसऱ्या प्रकारात साफ कच्चा निघू शकतो.

२. मला सगळं लक्षात असतं. मग नेमकं वेळेवरच का आठवत नाही?

शेजाऱ्यांची किल्ली परत द्यायची म्हणून तुम्ही ती खिशात टाकता. जिन्यात तेच शेजारी भेटतात. पाण्याच्या टाकीबद्दल दहा मिनिटं बोलणं होतं. घरी येऊन रुमाल काढताना किल्ली खाली पडते आणि तुम्ही कपाळावर हात मारता.

इथे किल्ली कुणाची आणि कुणाला द्यायची, यातलं काहीच पुसलं गेलं नव्हतं. जिन्यात कुणी विचारलं असतं तर तुम्ही लगेच सांगितलं असतं. पुढच्या आठवणीचे दोन भाग असतात. पहिला भाग ‘काय करायचं आहे’ हा मजकूर. दुसरा भाग म्हणजे योग्य क्षणी ‘अरे, आत्ता काहीतरी करायचं आहे’ अशी आतून पडणारी थाप. मजकूर साठवण्याचं काम मुख्यतः हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या भोवतालचा भाग करतो. थाप पडणं आणि तिच्यासाठी हातातलं काम बाजूला ठेवणं, यात कपाळामागच्या फ्रन्टल भागाचा मोठा वाटा असतो. जिन्यात तुमची थाप पडली नाही, कारण टाकीच्या बोलण्यानं सगळं लक्ष खाल्लं होतं.

या पानावरची बहुतेक उत्तरं या दोन भागांच्या फरकावरच उभी आहेत.

३. ‘कुणी भेटलं की सांग’ हे जमतं, पण ‘चार वाजता कर’ हे जमत नाही. असं का?

पहिल्यात बाहेरून खूण मिळते. माणूस समोर येतो आणि त्याला पाहून आठवण जागी होण्याची शक्यता तरी असते. चार वाजतात तेव्हा समोर काहीच येत नाही. घड्याळाकडे बघायचं, हेही आपणच आठवून करावं लागतं.

लोक हे कसं करतात, ते १९८५ मधल्या सेसी आणि ब्रॉनफेनब्रेनर यांच्या प्रयोगात छान दिसतं. त्यांनी १० आणि १४ वर्षांच्या मुलांना अर्ध्या तासानं ओव्हनमधून केक काढायला सांगितलं आणि तोवर व्हिडिओ गेम खेळू दिला. घरच्या ओळखीच्या वातावरणात मुलं सुरुवातीला घड्याळाकडे बरेचदा बघत. वेळ किती भराभर किंवा सावकाश जातो याचा अंदाज आला की बघणं कमी होई आणि शेवटी पुन्हा वाढे. म्हणजे सुरुवातीला मनातलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घ्यायचं आणि मधला वेळ निर्धास्त खेळायचं.

प्रौढांनाही हे दर वेळी साधत नाही. हॅरिस आणि विल्किन्स यांनी १९८२ मध्ये लोकांना चित्रपट बघता बघता ठरावीक वेळी एक कार्ड वर धरायला सांगितलं. वेळेच्या अगदी थोडं आधी घड्याळ पाहूनसुद्धा काही जणांनी ती वेळ चुकवली. ‘अजून थोडा अवकाश आहे’ असं म्हणून नजर परत पडद्याकडे गेली की तो थोडा अवकाश निसटतो.

४. म्हणजे मेंदू सतत पहारा देत असतो का?

यावर संशोधकांचं एकमत नाही. रेबेका स्मिथ यांच्या मते ठरवलेलं काम डोक्यात असेपर्यंत थोडं लक्ष त्यावर खर्च होतच असतं. त्यांच्या प्रयोगात खूण समोर आलेलीही नसताना लोकांचं हातातलं काम मंदावलेलं दिसलं. आइनस्टाइन आणि मॅकडॅनिएल म्हणतात की कधी पहारा लागतो, तर कधी आठवण आपसूक वर येते. (हे आइनस्टाइन मानसशास्त्रज्ञ आहेत, ते दुसरे नव्हेत.)

मला दुसरं म्हणणं जास्त पटतं, कारण रुग्णांमध्ये तसंच दिसतं. समजा तुम्ही शब्द वाचून त्यांचे अर्थ लावता आहात आणि ‘कासव’ हा शब्द आला की बटण दाबायचं आहे. शब्द वाचणं हे तुमचं कामच असल्यामुळे खूण त्या कामाच्या वाटेवरच आहे. आता ‘ज्या शब्दात ण आहे तिथे बटण दाबा’ असं सांगितलं तर? अर्थ लावताना अक्षरांकडे वेगळं लक्ष जात नाही, ते मुद्दाम द्यावं लागतं. पहिल्या प्रकारात वयस्कर माणसं तरुणांच्या बरीच जवळ असतात. दुसऱ्यात ती मागे पडतात.

५. वय वाढल्यावर हे विसरणं वाढतंच का?

एकंदरीत हो, पण सगळ्या प्रकारचं सारखं वाढत नाही. फ्रन्टल भाग वयाबरोबर इतर बऱ्याच भागांपेक्षा जास्त आक्रसतो. त्यामुळे पहारा ठेवणं, घड्याळ बघायची आठवण ठेवणं आणि रंगात आलेलं काम मध्येच सोडणं, हे तिन्ही जड जातं. खूण जितकी पुसट आणि हातातलं काम जितकं गुंतवणारं, तितका वयाचा फरक मोठा.

मोठ्या प्रमाणावर तपासणी करायची तर एक साधी चाचणी पुरते. हप्पर्ट आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ६५ वर्षांवरच्या ११,९५६ लोकांना मुलाखतीत सांगितलं की थोड्या वेळानं एक पाकीट देऊ, त्यावर नाव-पत्ता लिहून झाला की पाकीट बंद करा आणि मागे आपली आद्याक्षरं लिहा. मग इतर प्रश्न विचारून झाल्यावर पाकीट हातात दिलं. पत्ता लिहून झाल्यावर पुढचं आपणहून आठवलेले लोक निम्म्याहून थोडेच जास्त होते, ५४ टक्के. वयाच्या प्रत्येक टप्प्यावर हा आकडा खाली येत गेला. डिमेन्शिया असलेल्यांत तो ८ टक्के होता.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, असं विसरणं म्हातारपणी इतकं सर्रास आहे की तेवढ्यावरून आजाराचा निष्कर्ष काढता येत नाही. दोन, आजार सुरू होतो तेव्हा ही आठवण फार लवकर ढासळते.

६. पण आमची आई ७४ वर्षांची आहे आणि एकही गोळी चुकवत नाही. विसरतो तो मीच! हे कसं?

संशोधकांनाही हे कोडं पडलं होतं आणि त्याला वयाचा विरोधाभास असं नावही मिळालं. प्रयोगशाळेत तरुण पुढे असतात, रोजच्या जगण्यात वयस्कर.

रेन्डेल आणि क्रेक यांनी २००० मध्ये एक पटाचा खेळ तयार केला. पटावरची एक फेरी म्हणजे एक दिवस. सोंगटी सरकवताना औषध घेणं, निरोप देणं अशी कामं त्या त्या ठिकाणी आठवून ‘करायची’. यात वयस्कर मंडळी तरुणांपेक्षा कमी पडली. मग तशाच प्रकारची कामं खऱ्या आठवड्यात, स्वतःच्या घरी करायला दिली, तर वयस्कर पुढे गेली. त्याआधी १९९९ मध्ये रेन्डेल आणि थॉमसन यांनी लोकांना आठवडाभर दिवसातून चार वेळा एका छोट्या यंत्रात वेळ नोंदवायला सांगितलं होतं. तिथेही विशीतले मागे आणि साठी-ऐंशीतले पुढे होते.

तुमच्या आईचं उत्तर बहुधा तिच्या दिवसात आहे. गोळी चष्म्याच्या घरापाशी असते, चष्मा ठरल्या वेळी लागतो आणि रोजचा क्रम फारसा हलत नाही. घड्याळावरचं काम तिनं नकळत खुणेवरचं करून टाकलं आहे (प्रश्न ३). शिवाय शब्द दिला की तो पाळायचा, हे ती तुमच्यापेक्षा गांभीर्यानं घेत असेल. तिचा फ्रन्टल भाग तुमच्यापेक्षा तल्लख आहे, असा याचा अर्थ नाही. हा क्रम मोडला, उदाहरणार्थ प्रवासात, दवाखान्यात भरती झाल्यावर किंवा घर बदलल्यावर, की तीच आई लागोपाठ गोळ्या चुकवते आणि घरचे घाबरतात. आठवण एकदम बिघडलेली नसते, तिला धरून ठेवणारी चौकट काढली गेलेली असते. अशा वेळी आधी चष्म्याचं घर आणि गोळ्यांचा डबा नव्या जागी तसेच शेजारी ठेवून बघा.

७. विसरत नाहीत, उलट घेतलेली गोळी परत घेतात. हाही त्यातलाच प्रकार का?

हो, आणि कित्येकदा जास्त धोक्याचा. रोज तेच काम करताना ‘आज केलं’ आणि ‘काल केलं’ या दोन आठवणी एकमेकींसारख्या दिसू लागतात. ‘घ्यायची आहे’ हा नुसता विचारही ‘घेतली’ असा वाटू शकतो, किंवा घेतलेली असूनही तसं वाटत नाही. काम संपलं अशी नोंद मनात होणं हा या साखळीतला शेवटचा दुवा असतो आणि वयाबरोबर तोही सैल होतो. स्कलिन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत ‘आता बटण दाबायचं काम संपलं’ असं स्पष्ट सांगितल्यानंतरही जुनी खूण दिसताच बटण दाबणारे लोक वयस्करांत जास्त होते. खुणेनं हात आपोआप हलवला आणि त्याला अडवणारा फ्रन्टल भाग उशिरा जागा झाला.

यावर आठवण घट्ट करून काही होत नाही. केल्याची खूण डोळ्यांना दिसली पाहिजे. वारांचे कप्पे असलेला डबा म्हणूनच चांगला: कप्पा रिकामा असेल तर गोळी घेतलेली आहे, वाद मिटला. डॉक्टरांनी एखादं औषध बंद केलं तर ते घरातूनच हलवा. ‘आता घेऊ नका’ एवढं तोंडी सांगून भागत नाही.

८. अपघातानंतर ह्यांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या नॉर्मल आल्या. तरी सांगितलेलं एकही काम वेळेवर होत नाही. हे मुद्दाम करतात का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणारीच्या आवाजात बहुतेक वेळा राग आणि अपराधीपणा दोन्ही असतात. उत्तर एका उदाहरणातून देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय ४६. दुचाकीवरून पडून दोन्ही फ्रन्टल भागांना मार. पाच महिन्यांनी माझ्याकडे आले. पत्नी म्हणाली, “मी सांगते तेव्हा ‘हो’ म्हणतात. चार वाजता डोळ्यांत थेंब घालायचे असतात. साडेचारला बघते तर थेंबांची बाटली समोर आणि हे वर्तमानपत्र वाचत बसलेले. विचारलं की म्हणतात, हो, चारला घालायचे होते.”

गोष्ट ऐकवून अर्ध्या तासानं परत विचारली, तर त्यांनी ती जवळजवळ पूर्ण सांगितली. शब्दांची यादीही उत्तम. मग १०:४० ला मी त्यांचा चष्मा मागून घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवला आणि तीन कामं सांगितली. मी फाइल बंद केली की चष्मा मागायचा. टेबलावरचा गजर वाजला की पुढच्या भेटीची तारीख विचारायची. आणि बरोबर ११ वाजता मला फोनची आठवण करायची. तिन्ही त्यांच्याकडून परत म्हणवून घेतली आणि पत्त्यांसारखी कार्डं रंगानुसार लावायला दिली.

घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. ११ पर्यंत त्यांनी एकदाच तिकडे पाहिलं. ११:०२ ला पुन्हा पाहिलं. मी श्वास रोखून बसले होते. त्यांची नजर काट्यांवर क्षणभर थांबली आणि कार्डांवर परत आली. थोड्या वेळानं गजर वाजला. ते दचकले, वर बघून म्हणाले, “काहीतरी विचारायचं होतं… हां, तारीख.” शेवटी मी फाइल बंद केली. ते फाइलकडे बघत उठले, नमस्कार केला आणि चष्म्याशिवाय दारापर्यंत गेले.

दारात मी विचारलं, “काही राहिलं का?”

“हो, चष्मा मागायचा होता ना. आणि अकरा वाजता फोनचं सांगायचं होतं.”

मजकूर पूर्ण शाबूत, थाप नाही (प्रश्न २). मोठा, कर्कश गजर वाजला तेव्हा ती बाहेरून पडली आणि काम झालं. फाइल बंद होण्यासारखी शांत खूण आणि घड्याळासारखी मुकी खूण, दोन्ही वाया गेल्या. आळशी माणसाला गजर वाजल्यावरही काम नकोच असतं. यांनी ते लगेच केलं होतं.

या प्रकाराची सविस्तर नोंद शॅलिस आणि बर्जेस यांनी १९९१ मध्ये केली. डोक्याला मार लागलेल्या त्यांच्या तीन रुग्णांची बुद्धिमत्ता चांगली होती, पण बाजारपेठेत नेऊन साधी खरेदी, थोडी माहिती गोळा करणं आणि सुरुवातीपासून १५ मिनिटांनी ठरलेल्या जागी हजर राहणं, अशी कामं दिली की सगळा गोंधळ होई. टेबलावरच्या चाचण्यांत हा दोष दिसत नाही, कारण तिथे पुढे काय करायचं ते दर वेळी परीक्षक सांगतो. तो परीक्षकच रुग्णाच्या फ्रन्टल भागाचं काम करत असतो! म्हणून नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका. पुढची आठवण वेगळी तपासली का, ते विचारा.

९. मेंदूचा नेमका कोणता भाग यासाठी लागतो?

कपाळाच्या अगदी मागचं टोक. ब्रॉडमन यांच्या नकाशात तो भाग १० क्रमांकाचा आहे. मनात एखादं काम ठेवून दुसरं करत असताना या भागाची बाहेरची बाजू जास्त सक्रिय होते आणि आतली, मध्यरेषेजवळची बाजू शांत होते, असं बर्जेस आणि सहकाऱ्यांच्या स्कॅनमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं. उजव्या बाजूच्या या टोकाला इजा झालेल्यांना विशेषतः वेळेवर आधारलेली कामं जमत नाहीत, असं व्होल यांच्या २०११ मधल्या अभ्यासात आढळलं.

अपघातात हा भाग सापडण्याचं कारण साधं आहे. कवटीच्या तळाशी, डोळ्यांच्या वर, हाडाचे खडबडीत उंचवटे असतात. डोकं जोरात हलून थांबलं की मेंदूचं पुढचं टोक त्यांवर घासतं. मात्र पुढची आठवण या एकाच जागेत राहते असं समजू नका. तिथून मागे जाणारे मज्जातंतूंचे दोर तुटले, तरी स्कॅनवर टोक धडधाकट दिसत असतानाही हाच दोष येऊ शकतो.

१०. हे वयाचं आहे, मार लागल्याचं आहे की डिमेन्शियाची सुरुवात? घरी ओळखता येईल का?

निदान घरी होत नाही, पण डॉक्टरांना उपयोगी पडेल असं निरीक्षण घरी करता येतं. काम राहून गेल्यावर ओरडू नका. शांतपणे विचारा: “आज काही करायचं ठरलं होतं का?”

“हो, अमुक करायचं होतं” असं नीट उत्तर आलं तर मजकूर आहे आणि थाप पडली नाही. साधं वय, फ्रन्टल इजा, झोप कमी, औषधांची गुंगी, नैराश्य, यांपैकी काहीही असू शकतं. चेहरा कोरा राहिला आणि “तू मला हे सांगितलंच नाहीस” असं ठामपणे आलं, आणि असं वारंवार होऊ लागलं, तर मजकूरच नोंदला जात नाही. अल्झायमरच्या सुरुवातीला हे जास्त दिसतं. अशा वेळी खूण कितीही ठळक केली तरी फारसा फरक पडत नाही, कारण थाप पडली तरी आत सापडायला काही नसतं.

या नियमाला मोठा अपवाद आहे. डिमेन्शियाचे काही प्रकार फ्रन्टल भागापासूनच सुरू होतात. त्यांत मजकूर बरेच दिवस शाबूत राहतो, पण स्वभाव बदलतो, संकोच सुटतो, आपुलकी आटते. तेव्हा ‘त्यांना सगळं आठवतं’ म्हणून निर्धास्त राहू नका. आणि बदल काही तासांत किंवा दिवसांत झाला असेल तर निरीक्षण वगैरे बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

११. मोबाइलला अलार्म लावला. तो बंद करतात आणि काम तसंच राहतं. आता?

दोन गोष्टी तपासा. पहिली, अलार्म नुसता वाजतो की काय करायचं ते सांगतो? दिवसभरात एकाच आवाजाचे सहा अलार्म असले तर ते सहा कोडी होतात. ‘थेंब: उजवा डोळा’ असं पडद्यावर दिसलं पाहिजे.

दुसरी, अलार्म वाजतो तेव्हा ते कुठे असतात? आठवण झाल्यावर लगेच काम करता आलं नाही तर ते पुन्हा निसटतं. मॅकडॅनिएल आणि सहकाऱ्यांच्या २००३ मधल्या अभ्यासात आठवल्यानंतर अवघे काही सेकंद थांबायला लावलं, तरी वयस्कर लोकांच्या हातून बरंच काम सुटलं. ‘हे एवढं वाचतो आणि उठतो’ हे वाक्य त्यांच्यासाठी घातक आहे. म्हणून थेंबांची बाटली आणि अलार्म एकाच जागी हवेत आणि अलार्म बंद करायला तिथपर्यंत उठून जावं लागलं पाहिजे. नियम एकच: काम झाल्यावर अलार्म बंद, आधी नाही.

प्रश्न ८ मधल्या गृहस्थांसाठी आम्ही हेच केलं. फोन खिशातून काढून थेंबांच्या ट्रेमध्ये ठेवला. पहिल्या आठवड्यात दोनदा ते उठून अलार्म बंद करून परत येऊन बसले. मग बाटली फोनच्या पडद्यावरच आडवी ठेवायला लागलो. अलार्म बंद करायचा तर बाटली हातात घ्यावीच लागे. त्यानंतर थेंब बहुतेक दिवशी वेळेवर पडू लागले. घरातली बाकीची कामं मात्र पूर्वीइतकीच राहत होती. एका कामाची सोय केली म्हणून दुसरं आपोआप सुधारत नाही.

बाहेरून वेळेवर संदेश पाठवण्याचा उपाय फार वर्षांपूर्वी नीट तपासला गेला आहे. बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १४३ जणांना पेजरवर त्यांच्या त्यांच्या कामांचे संदेश पाठवले आणि दहापैकी आठांहून जास्त जणांची कामं लक्षणीय सुधारली.

१२. कुणीतरी ‘जेव्हा-तेव्हा’ पद्धत सांगितली. ती खरंच चालते का?

चालते, पण वाक्य नेमकं असेल तरच. ‘रोज साखर तपासेन’ हा नुसता संकल्प झाला. ‘सकाळी चष्मा घालीन, तेव्हा लगेच यंत्र हातात घेऊन साखर तपासेन’ या वाक्यात खूण ठरली, जागा ठरली आणि हाताची हालचालही ठरली. हे सांगून डोळे मिटून तो प्रसंग अर्धा मिनिट मनात बघायचा. लिऊ आणि पार्क यांनी २००४ मध्ये वयस्कर लोकांना घरी रक्तातली साखर तपासायची कामं दिली, तेव्हा असं नेमकं ठरवून मनात चित्र पाहिलेले लोक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होते. पहाऱ्यावरचं काम आपसूक आठवण्यावर सोपवण्याची ही युक्ती आहे (प्रश्न ४).

खूण हमखास येणारी निवडा. ‘वेळ मिळाला की’ ही खूण नव्हे. आणि एका वेळी एक-दोनच वाक्यं ठरवा. दहा ठरवली तर ती वाक्यंच आठवावी लागतात.

१३. प्रत्येक कामाचा अलार्म लावणं शक्य नाही. दुसरं काही?

एक चकित करणारा उपाय आहे: ज्यात काहीच मजकूर नाही असा संदेश. फिश, मॅनली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूला इजा झालेल्या लोकांना दिवसातून चार ठरावीक वेळी एका नंबरवर फोन करायचं काम दिलं. आधी एक छोटं प्रशिक्षण झालं. ‘थांबा’ असा संदेश आला की क्षणभर हातातलं सोडायचं आणि मनातली कामं एकदा चाळायची. मग निम्म्या दिवसांत हा संदेश मोबाइलवर पाठवला, तोही फोन करायच्या वेळेला धरून नाही, अधल्यामधल्या वेळी. त्या दिवसांत फोन जास्त वेळा आणि जास्त वेळेवर झाले.

यात काय करायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. हातातल्या कामात बुडालेल्या माणसाला फक्त एकदा वर काढलं होतं. ज्यांचा मजकूर शाबूत आहे, त्यांना हे पुरतं. ज्यांचा मजकूरच नोंदला जात नाही (प्रश्न १०), त्यांना ‘थांबा’ म्हटलं तर ते थांबतील आणि बघत राहतील. त्यांच्यासाठी पूर्ण मजकुराचा संदेशच हवा.

१४. कोडी सोडवून किंवा मेंदूचे खेळ खेळून ही आठवण सुधारेल का?

कोडी सोडवण्यात हात बसेल. थेंब वेळेवर पडतील, अशी अपेक्षा ठेवू नका.

१५. ते स्वतः म्हणतात, ‘मी काही विसरत नाही.’ समजवायचं कसं?

वाद घालून समजत नाही. फ्रन्टल इजेत स्वतःच्या चुकांकडे बघणारी नजरही कमजोर होते. शिवाय राहून गेलेल्या कामाची एक अडचण अशी की ते राहिलं हेही आठवावं लागतं. घडलेली चूक डोळ्यांना दिसते, न घडलेली गोष्ट दिसत नाही. त्यामुळे ‘तुम्ही किती वेळा विसरता?’ या प्रश्नाच्या उत्तरावर मी फारशी भिस्त ठेवत नाही.

त्याऐवजी आठवडाभरासाठी एकच काम निवडा. ते झालं का आणि किती वाजता, हे एका कागदावर त्यांनीच लिहायचं आणि तुम्ही वेगळ्या कागदावर लिहायचं. आठवड्याच्या शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि तुम्ही काही बोलू नका. प्रश्न ८ मधल्या गृहस्थांनी असे दोन कागद बराच वेळ पाहिले, मग पत्नीला म्हणाले, “बुधवारी मी लिहिलंय चार वाजता. तू लिहिलंयस पाच-दहा. तुझं बरोबर असेल. मी तेव्हा घड्याळ पाहिलंच नव्हतं.”